मीटर वापरणार शेतकरी, पण पैसे कोण मोजणार?

*नमस्कार सर,*

*मी आणि माझा मित्र, दोघंही इलेक्ट्रॉनिक्सचे डिप्लोमाधारक. सोयाबीनमधला ओलावा मोजणारं, हातात मावेल असं मीटर आम्ही तयार केलंय. बनवायला २,१०० रुपये पडतात, ३,५०० ला विकायचं ठरवलंय. गेल्या हंगामात ३० जणांना दाखवलं: २२ शेतकरी, ६ आडते आणि २ शेतकरी उत्पादक कंपन्या. सगळ्यांना आवडलं. तिघांनी पैसे देऊन घेतलं, दोन आडते आणि एक कंपनी. कर्जासाठी अहवाल लिहिला तो असा: राज्यात सोयाबीन साधारण ५० लाख हेक्टरवर, सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे ३७ लाख शेतकरी. त्यातल्या फक्त एक टक्क्याने घेतलं तरी ३७,००० मीटर, १३ कोटींचा धंदा. बँकेतले साहेब म्हणाले, "हा एक टक्का आणला कुठून?" मला उत्तर देता आलं नाही. मग बाजार केवढा आहे हे मांडायचं तरी कसं?*

*एक वाचक, औसा*

---

नमस्कार,

साहेबांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलं. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ अहवालात आलेलीच नाही. ३० जणांना दाखवलं, तिघांनी घेतलं, आणि त्या तिघांत एकही शेतकरी नाही. २२ शेतकऱ्यांनी मीटर हातात घेऊन पाहिलं, कौतुक केलं आणि परत दिलं. तुमचा अख्खा हिशोब मात्र शेतकऱ्यांच्या डोक्यांवर उभा आहे. म्हणून बाजार मोजायच्या आधी शेतकऱ्याने ते परत का दिलं, ते पाहू.

एक हेक्टरवाला शेतकरी घ्या. मळणी झाली, १२ क्विंटल सोयाबीन घरात आलं, ओलावा १५ टक्के. बाजारात भाव ४,३०० रुपये धरू. आडत्या १२ टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला एक टक्का कापतो असंही धरू. तुमच्या बाजारात नेमकी किती कपात होते ते चार-पाच शेतकऱ्यांच्या जुन्या हिशोबपट्ट्या पाहून लिहून घ्या, इथे मी सोपा आकडा घेतोय. १२ क्विंटलचे ५१,६०० रुपये, त्यातून तीन टक्के गेले, हातात ५०,०५२ आले.

आता त्याच्याकडे तुमचं मीटर असतं तर? त्याने १५ टक्के पाहिले, माल दोन दिवस उन्हात पसरला आणि १२ टक्क्यांवर आणला. कपात शून्य. पण वाळवताना पाणी उडालं म्हणजे वजनही उडालं. १२ क्विंटलमध्ये १.८ क्विंटल पाणी होतं आणि १०.२ क्विंटल कोरडा दाणा. ओलावा १२ टक्के झाला की तो कोरडा दाणा एकूण वजनाच्या ८८ टक्के असतो, म्हणजे वजन ११.५९ क्विंटल भरतं. ४,३०० च्या भावाने ४९,८३७ रुपये. मीटर घेऊन, माल वाळवून, दोन दिवस राखण करून तो २१५ रुपयांनी मागेच राहिला.

हे गणित शेतकरी कागदावर करत नाही, पण वर्षानुवर्षांच्या अनुभवातून त्याला ते माहीत असतं. "चांगलं आहे" म्हणून त्याने मीटर परत दिलं ते याच हिशोबाने. कपात टक्क्याला टक्का असेल तिथे ओलावा माहीत असण्याचा त्याला फारसा फायदा नाही. कपात त्याहून जबर असेल किंवा आडत्याचं मीटर जास्तीचा ओलावा दाखवत असेल, तरच फायदा आहे. पण दुसऱ्या गोष्टीतही अडचण आहे, कारण सौदा आडत्याच्या मीटरवर होतो, शेतकऱ्याच्या नाही.

हाच शेतकरी हमीभावाच्या खरेदी केंद्रावर गेला तर चित्र पालटतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला. केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते, आणि तिथे मालाला टक्क्यावर कपात नसते, तो परत पाठवला जातो. वाळवलेल्या ११.५९ क्विंटलचे तिथे जवळपास ६१,७५० रुपये होतात. ओला माल बाजारात विकण्यापेक्षा साधारण ११,७०० रुपये जास्त. इथे घरून निघण्याआधी ओलावा किती आहे हे कळणं खरंच पैशाचं आहे, कारण चुकलं तर ट्रॅक्टरचं भाडं जातं आणि रांगेतला नंबरही जातो.

तरीही तो ३,५०० चं मीटर घेणार नाही. त्याला वर्षातून एकदा, फार तर दोनदा मोजायचं आहे. गावातल्या कंपनीने किंवा कृषी सेवा केंद्राने २० रुपयांत मोजून दिलं तर त्याचं काम झालं. शिवाय ही गरज सरकारच्या एका निर्णयावर टांगलेली आहे. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. त्या वर्षी १४ टक्क्यांचा माल घेऊन जाणाऱ्याला मीटर कशाला हवं होतं? ही जोखीम अहवालात तुम्ही स्वतःहून लिहा.

तर मीटरचा उपयोग शेतकऱ्याला असला तरी ते विकत घेणारा वेगळा आहे. ज्याच्यापुढे हंगामभर रोज माल येतो आणि ज्याला रोज मोजावं लागतं, तो. म्हणजे आडत्या, खेड्यात माल घेणारा छोटा खरेदीदार, शेतकरी उत्पादक कंपनी, गोदाम. तुम्हाला मोजायची आहेत ती माल जिथे मोजला जातो ती ठिकाणं. शेतकरी किती आहेत हा आकडा इथे कामाचाच नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून इतकं लांबवून सांगतोय. शेती अवजारांच्या एका कंपनीत असताना हाताने चालणाऱ्या टोकण यंत्राचा अंदाज माझ्याकडे आला. मी जिल्ह्यातले खातेदार घेतले, दोन टक्क्यांनी गुणलं आणि १,२०० यंत्रं मागवली. पहिल्या हंगामात १४० गेली. पुढे गावोगाव फिरल्यावर उलगडा झाला. एका वस्तीवर एकाने यंत्र घेतलं की उरलेले त्याच्याकडून मागून नेत होते. टोकण चार दिवसांचं काम, यंत्र वस्तीत फिरायचं. मी खातेदार मोजले होते, मोजायला हव्या होत्या वस्त्या. ती यंत्रं गोदामातून निघायला तीन वर्षं लागली.

आता तुमचा हिशोब खालून वर बांधू. राज्य बाजूला ठेवा, जिल्हाही ठेवा. एक तालुका आणि त्यातली एक बाजार समिती घ्या. पुढचे आकडे मी मांडणी दाखवण्यासाठी धरलेत. प्रत्येकाच्या जागी तुमचा आकडा येईल, आणि तो कुठून आणायचा तेही सांगत जातो.

आधी आडते. बाजार समिती परवाने देते, त्यामुळे आडत्यांची आणि खरेदीदारांची यादी समितीच्या कार्यालयात असते. समजा यादीत १४० नावं आहेत. ती सगळी तुमची गिऱ्हाइकं नव्हेत. कुणाचा परवाना नुसता नावाला असतो, कुणी फक्त भाजीपाल्यात असतो, कुठे एकाच घरात बाप, लेक आणि भाऊ असे तीन परवाने असतात पण दुकान एकच. हंगामात आठवडाभर सकाळी यार्डात जाऊन उभे राहा आणि ज्यांच्या ओट्यावर सोयाबीनचे ढीग पडतात त्यांच्या नावापुढे खूण करा. समजा ६० निघाले.

या ६० जणांना "आमचं मीटर घ्याल का?" असं विचारू नका. समोरचा माणूस भिडेखातर हो म्हणतो, आणि तुमच्या ३० जणांनी तेच केलं. विचारायचं ते झालेल्या गोष्टींविषयी. सध्या कोणतं मीटर वापरता? कधी घेतलं? किती पडलं? मागे कधी बिघडलं, दुरुस्तीला कुठे पाठवलं, किती दिवस लागले? त्यांच्या उत्तरांतून तुम्हाला दोन आकडे मिळतील: किती जणांकडे मीटर आहे, आणि एक मीटर किती वर्षं चालतं. समजा ४५ जणांकडे आहे आणि ते पाच वर्षं टिकतं. म्हणजे दरवर्षी ४५ पैकी ९ जण नवीन मीटरच्या शोधात असतात. उरलेल्या १५ जणांकडे मीटरच नाही, ते अजून दाणा दाताखाली धरून ओलावा सांगतात. त्यातले ५ या वर्षी तयार होतील असं धरू. एकूण १४ संधी.

तुमच्या अहवालातली दुसरी मोठी चूक इथे दिसते. ३७,००० मीटर हा एकदाचा साठा आहे आणि तुम्ही तो वर्षाचा धंदा म्हणून मांडलात. एक टक्का खरा धरला, मीटर पाच वर्षं टिकतं हेही धरलं, तरी वर्षाला ७,४०० मीटर होतात, म्हणजे १३ कोटींचे २ कोटी ५९ लाख. टिकाऊ वस्तूचा बाजार मोजताना किती जणांकडे असू शकते याच्या शेजारी किती वर्षांनी पुन्हा घेतात हा आकडा यावाच लागतो. तो नसेल तर हिशोब पाचपट फुगतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

या १४ संधींतल्या तुमच्याकडे किती येतील? तुम्ही सहा आडत्यांना दाखवलं, दोघांनी घेतलं. तिघांत एक असं प्रमाण तुम्ही मांडाल, पण मी ते वापरणार नाही. नमुना सहाचा आहे. त्या दोघांतला एक जण त्या दिवशी दुकानात नसता तर प्रमाण सहात एक झालं असतं. शिवाय ते सहा तुमच्या ओळखीचे होते का? पहिली गिऱ्हाइकं बहुतेक वेळा मामाच्या ओळखीतली असतात. म्हणून चारात एक धरू. १४ पैकी साडेतीन मीटर.

पुढे खेड्यातले छोटे खरेदीदार. त्यांची यादी कुठेही मिळत नाही. तालुक्यात ९० गावं असतील तर त्यातल्या दहा गावांत जा, किती जण माल घेतात ते मोजा आणि त्यावरून तालुक्याचा अंदाज बांधा. समजा दोन गावांमागे एक खरेदीदार निघाला, म्हणजे ४५ जण. त्यांच्याकडे मीटर नाही, पण पैसे मोजायची तयारीही कमी. दहात एक, म्हणजे साडेचार. त्यानंतर शेतकरी उत्पादक कंपन्या आणि गोदामं. कंपन्यांची यादी कृषी विभागाच्या 'आत्मा' या यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात मिळते, पण नोंदणी झालेल्या आणि खरोखर माल घेणाऱ्या यांत मोठी तफावत असते. गेल्या हंगामात किती क्विंटल घेतला हे विचारा, उत्तर टाळलं तर नाव खोडा. समजा चालू कंपन्या आणि गोदामं मिळून १०, त्यातली ३ घेतील.

साडेतीन, साडेचार आणि तीन. एका तालुक्यात वर्षाला ११ मीटर, ३८,५०० रुपयांची विक्री.

लातूर जिल्ह्यात दहा तालुके आहेत. सगळे सारखे नाहीत, लातूर आणि उदगीरची यार्डं मोठी, देवणी-जळकोटची लहान. तरी सरासरीसाठी ११ धरले तर जिल्ह्यात ११० मीटर. मराठवाडा आणि विदर्भातले सोयाबीनचे असे १०० तालुके धरले तर १,१०० मीटर, वर्षाला साडेअडतीस लाख. तुमच्या १३ कोटींपुढे हा आकडा बारीक वाटेल. पण यातल्या प्रत्येक संख्येवर "ही कुठून आणली?" असं विचारलं तर तुमच्याकडे उत्तर आहे: यादी, यार्डातली मोजणी, विचारपूस किंवा गेल्या हंगामातली विक्री. आणि एखादी संख्या चुकीची निघाली तर तेवढीच बदलता येते. एक टक्क्याचं तसं नाही. तो अर्धा टक्का का नाही किंवा तीन का नाही, याला कारणच नसतं, म्हणून तो दुरुस्तही करता येत नाही.

हिशोब इथेच संपवणारे पुष्कळ असतात. पण बाजार १,१०० मीटरचा असला तरी तुम्ही दोघं या हंगामात किती विकू शकता हा वेगळा प्रश्न आहे, आणि कर्ज फेडायला तोच कामाचा.

आवक जोरात असते ती ऑक्टोबर ते डिसेंबर. सुट्ट्या, दिवाळीतला बंद बाजार, पावसाचे दिवस वगळले तर ७० दिवस धरा. एक माणूस दिवसात नीट दाखवून दोन भेटी करतो, कारण सौदे सुरू असताना आडत्या तुमच्याशी बोलत नाही. दोघांच्या मिळून २८० भेटी. एका तालुक्यात आडते ६०, गावातले ४५, कंपन्या-गोदामं १०, म्हणजे ११५ ठिकाणी जावं लागेल आणि त्यातून ११ मीटर विकली जातील. या चालीने हंगामात तुमचे जेमतेम अडीच तालुके होतात आणि २६ मीटर जातात. एका मीटरमागे १,४०० रुपये सुटतात, म्हणजे ३६,४०० रुपये. दोघांचं पेट्रोल आणि जेवण रोजचं ३०० रुपये माणशी धरलं तर ७० दिवसांचे ४२,००० होतात. हंगामअखेर ५,६०० रुपये पदरचे गेले, तुमच्या कष्टाचा एक रुपया न धरता.

हा आकडा वाचून कागद बाजूला ठेवू नका. खालून बांधलेल्या हिशोबाचा उपयोग इथूनच सुरू होतो, कारण पाणी कुठे मुरतंय ते त्यात दिसतं. तुमच्या ११५ भेटींतल्या ४५ गावातल्या खरेदीदारांकडे जातात आणि त्यातून साडेचार मीटर निघतात. आडत्यांच्या ६० भेटींतल्या ४६ अशा लोकांकडे होतात ज्यांना या वर्षी मीटर घ्यायचंच नाही. मग गावातले खरेदीदार पहिल्या वर्षी सोडून द्या. आडत्यांना हंगामाआधी, भाद्रपदात, फोन करा आणि मीटर आहे का, किती जुनं आहे, एवढं विचारून घ्या. जायचं फक्त त्या १४ जणांकडे आणि १० कंपन्या-गोदामांकडे. प्रत्येकाकडे दोनदा जावं लागलं तरी तालुक्यात ४८ भेटी होतात आणि साडेसहा मीटर विकली जातात. सहाच धरा. २८० भेटींत साधारण सहा तालुके होतील, ३६ मीटर जातील, ५०,४०० रुपये सुटतील. खर्च तोच, ४२,०००. आता ८,४०० रुपये शिल्लक पडतात.

किंमत ३,५०० ठेवलीत ती शेतकऱ्याला परवडावं म्हणून ना? पण घेणारा आडत्या आहे. त्याच्या ओट्यावर रोज दीड-दोन लाखांचा माल येतो आणि एका टक्क्याची चूक त्याला दिवसाला दीड-दोन हजारांना पडू शकते. तो किंमत कमी आहे म्हणून घेत नाही. प्रक्रिया कारखान्याच्या मीटरशी आपलं मीटर जुळतं का, कारण माल पुढे तिथेच जातो आणि तिथे फरक निघाला तर भुर्दंड त्याच्यावर बसतो, हे तो पाहतो. दरवर्षी मीटर तपासून, जुळवून देण्याची हमी दिलीत तर ४,५०० रुपये सांगून पाहा. त्याच ३६ मीटरमागे मग ८६,४०० रुपये सुटतात आणि खर्च वजा जाता ४४,४०० उरतात. किंमत वाढल्यावर चारात एक हे प्रमाण टिकतं का, हे पुढच्या दहा आडत्यांकडे वेगवेगळी किंमत सांगून तपासायचं आहे. खरेदी-विक्रीत वापरायच्या मीटरसाठी वैधमापनशास्त्र विभागाचे नियम काय आहेत तेही या आधी पाहून घ्या, त्याचा खर्च तुमच्या २,१०० मध्ये नसणार.

आणि तूर, हरभरा? सोयाबीनची आवक ओसरली की तूर येते, मग हरभरा. मीटर ओलावा ओळखतं ते विजेवरून, आणि दर पिकाच्या दाण्याचं विजेपुढचं वागणं वेगळं, त्यामुळे सोयाबीनवर जुळवलेलं मीटर तुरीवर खोटा आकडा दाखवतं. ओव्हनमध्ये वाळवून काढलेल्या ओलाव्याशी पडताळून त्याची वेगळी जुळवणी करावी लागते. हे काम तुम्ही उन्हाळ्यात केलं तर त्याच आडत्यांकडे एप्रिलपर्यंत जाता येतं. हिशोबात ७० दिवसांच्या जागी १५० दिवस आले तर काय होतं ते तुम्हीच मांडून बघा. शेतकऱ्यासाठी किंमत २,५०० वर आणण्यात जो वेळ घालवणार होता, तो मी इथे घालवला असता.

शेवटी एक पडताळणी वरच्या बाजूनेही करा. राज्याच्या क्षेत्राचा तुम्ही काढलेला आकडा टाकाऊ नाही, त्याचं काम फक्त वेगळं आहे. बाजार समितीकडून हंगामातली सोयाबीनची एकूण आवक घ्या. समजा ३ लाख क्विंटल आहे. एक शेतकरी सरासरी २० कट्टे, म्हणजे १० क्विंटल आणतो. ३०,००० ढीग झाले. ६० आडत्यांत वाटले तर प्रत्येकाकडे ५००, आणि ७० दिवसांत दिवसाला सात. एका मीटरवर हे काम सहज निभतं, म्हणजे एका आडत्यामागे एक मीटर हे आपण धरलेलं बरोबर बसतं. उत्तर दिवसाला शंभर ढीग असं आलं असतं तर एक मीटर पुरणार नाही हे कळलं असतं. दिवसाला एक असं आलं असतं तर ६० आडते चालू आहेत हीच मोजणी चुकीची ठरली असती. खालून आणि वरून आलेले आकडे एकमेकांच्या दुप्पट-तिप्पट अंतरात असले तर पुढे जा. दहापट फरक निघाला तर बँकेत जाण्याआधी पुन्हा यार्डात जा.

अहवालात हे दोन पानांत बसतं. प्रत्येक संख्येपुढे एक रकाना ठेवा आणि त्यात "यादी", "मोजलं", "विचारलं" किंवा "अंदाज" यातला एकच शब्द लिहा. ज्यापुढे "अंदाज" आहे त्या संख्येचे तीन आकडे द्या: वाईट वर्षाचा, मधला आणि चांगल्या वर्षाचा. पण तिन्ही वेळा सगळ्याच संख्या एकदम चांगल्या किंवा एकदम वाईट धरू नका. एक बदला, बाकीच्या तशाच ठेवा आणि शेवटची शिल्लक किती हलते ते पाहा. तुमच्या बाबतीत मीटर पाचाऐवजी सात वर्षं टिकतं असं निघालं तर ९ संधींच्या साडेसहा होतात, फार बिघडत नाही. पण चारात एकऐवजी आठात एक असं निघालं तर आडत्यांकडची विक्री अर्धी होते आणि ३,५०० च्या किमतीला शिल्लक संपते. कर्जाच्या अर्जाआधी जो आकडा पक्का करायचा आहे तो हाच.

त्यासाठी सहा आडत्यांचा नमुना २५ वर न्या. औशाबाहेरचे घ्या, ओळखीचे नकोत. प्रत्येकाकडून ५०० रुपये आगाऊ मागा आणि पावती द्या. किती जणांनी दिले ते मला कळवा. आवक सुरू व्हायच्या आत झालं तर नवा अहवाल आपण त्याच आकड्यावर बसवू.